चिंचोका कोणत्या घरात ठेवला?

तिसरीतल्या एका मुलीसमोर सोळा चिंचोके ठेवले आणि ‘किती आहेत ते लिही’ म्हटले, तर ती मोजून १६ लिहिते. त्यातल्या ६ भोवती गोल काढून ‘एवढे चिंचोके मला दाखव’ म्हटले की ती सहा चिंचोके बाजूला सारते. मग १ भोवती गोल काढायचा आणि तेच विचारायचे. ती एक चिंचोका उचलून देते. उरलेले नऊ तिथेच पडून असतात. ‘मग हे कशाचे?’ असे विचारले, तर बहुतेक वेळा उत्तर येते, ‘ते असेच आहेत.’

ही छोटी चाचणी कॉन्स्टन्स कामी यांच्या लेखनामुळे प्राथमिक गणित शिकवणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध झाली. घरी करायला दोन मिनिटे लागतात, आणि तिचा निकाल पालकांना हमखास चकित करतो. कारण हीच मुलगी १६ + २७ ची उभी बेरीज हातचा घेऊन बिनचूक करते. सहा आणि सात तेरा, तेराचे तीन, हातचा एक. वहीत बरोबरची खूण मिळते. त्या ‘एक’ हातच्यामध्ये दहा दडलेले आहेत हे तिला ठाऊक नसले, तरी वहीवरून ते कळायला काही मार्ग नसतो. तिसरी-चौथीत वजाबाकीत शून्य आले की मग सगळे कोसळते आणि ‘मूल गणितात कच्चे आहे’ असे ठरते.

स्थानिक किंमत शिकवायला शाळांमध्ये काड्यांचे गठ्ठे वापरतात. साधन उत्तम आहे, पण त्यात एक गोम आहे. दहा काड्यांची जुडी कुठेही ठेवा, ती दहाच राहते. डावीकडे ठेवा, उजवीकडे ठेवा, खिशात घाला, तिच्यात काड्या दहाच. अंकांचे तसे नाही. ३ हा अंक उजव्या टोकाला तीन असतो, एक घर डावीकडे सरकला की तीस होतो आणि आणखी सरकला की तीनशे. त्याच्या अंगावर काहीही बदलत नाही, बदलते ती फक्त जागा. म्हणजे काड्या ‘दहाचा एक गट’ ही कल्पना शिकवतात, जागेची करामत शिकवत नाहीत. आपण जुड्यांवरून एकदम आकड्यांवर उडी मारतो आणि मधली पायरी गाळतो. इथे दिलेले साधन त्या मधल्या पायरीसाठी आहे. त्याचे तीन भाग आहेत: काड्या, चिंचोक्यांचा पट आणि एकमेकांवर बसणारी कार्डे. तिन्हींचा क्रम महत्त्वाचा आहे.

काड्यांसाठी नारळाच्या हिरांचा खराटा घ्यावा. केरसुणी चालत नाही, ती मऊ पडते. हिराचे शेंड्याकडचे बारीक टोक टाकून द्यावे आणि उरलेल्याचे दहा-दहा सेंटिमीटरचे तुकडे करावेत. जाडी साधारण सारखी हवी, नाही तर एक जुडी लठ्ठ आणि दुसरी हडकुळी दिसते आणि मुले ‘ही मोठी दहा’ म्हणू लागतात. कापलेली टोके खरखरीत फरशीवर घासून बोथट करावीत. आगकाड्या स्वस्त पडतात, पण त्यांचे गूल काढल्याशिवाय त्या मुलांच्या हाती देऊ नयेत. चार मुलांच्या एका गटाला १२० काड्या पुरतात. तीस मुलांच्या वर्गाला चांगले भरगच्च दोन खराटे लागतील.

जुडी बांधायला साधे छोटे रबर घ्यावे. दहा जुड्यांची मोळी बांधायला मात्र ते पुरत नाही. त्यासाठी सायकलची जुनी ट्यूब आडवी कापून तिच्या चार-पाच मिलिमीटर रुंदीच्या चकत्या कराव्यात. पंक्चरवाल्याकडे फुटकी ट्यूब बहुधा फुकट मिळते, आणि या चकत्या वर्षानुवर्षे टिकतात. साधे रबर उन्हाळ्याच्या सुट्टीत वितळून काड्यांना चिकटते, म्हणून एप्रिलमध्ये सगळ्या जुड्या सोडून ठेवाव्यात.

पटासाठी जुना फ्लेक्स सर्वात सोयीचा. वाढदिवसाच्या शुभेच्छांची आपल्याकडे टंचाई नाही. त्याची मागची पांढरी बाजू वर घ्यायची, नेत्यांचे तोंड जमिनीकडे. ६० सेंटिमीटर लांब आणि ३० रुंद असा तुकडा कापून त्यावर जाड मार्करने वीस-वीस सेंटिमीटरची तीन घरे आखावीत. श, द, ए ही अक्षरे मात्र फ्लेक्सवर लिहू नयेत. ती वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून वरच्या कडेला ठेवावीत, कारण पुढे त्या काढून घ्यायच्या आहेत.

एका गटाला पन्नास-साठ चिंचोके लागतात. ते सगळे सारखे दिसले पाहिजेत. इथे मी जरा हट्टाने सांगेन. बाजारातल्या संचांत शतकाची सोंगटी लाल, दशकाची निळी, एककाची पिवळी असते. दिसायला छान असते, पण मूल रंग वाचायला शिकते आणि जागेकडे बघायची त्याला गरजच उरत नाही. खात्री करायची असेल, तर निळी सोंगटी उचलून एककाच्या घरात ठेवून पाहावी. मूल निर्धास्तपणे ‘दहा’ म्हणते. सारख्या दिसणाऱ्या चिंचोक्यांत हा आधार नसतो, म्हणून तेच हवेत.

कार्डे लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून निघतात. सगळ्यांची उंची सहा सेंटिमीटर. एककाचे कार्ड चार सेंटिमीटर रुंद, दशकाचे आठ आणि शतकाचे बारा. दर चार सेंटिमीटरच्या चौकोनात एकच अंक येईल असे लिहायचे: १ ते ९, मग १० ते ९० आणि १०० ते ९००. एकूण सत्तावीस कार्डे होतात. ३०० च्या कार्डावर उजवी कड जुळवून ४० ठेवले आणि त्यावर ७ ठेवले की ३४७ दिसते. चौकोनांची मापे चुकली तर खालच्या कार्डाचे शून्य कडेने डोकावते आणि सगळी गंमत जाते, तेव्हा पट्टी लावूनच आखावे.

सुरुवात काड्यांच्या खेळाने होते. फासा टाकायचा, पडतील तितक्या काड्या घ्यायच्या, दहा झाल्या की रबर लावायचे. ज्याची पहिली मोळी बांधून होईल तो जिंकला. जुडी मुलाने स्वतः बांधली पाहिजे. शिक्षकाने आदल्या रात्री बांधून आणलेली जुडी ही मुलासाठी नुसती एक जाड वस्तू असते. तयार जुड्या मिळालेली मुले काही वेळा जुडी सोडून आत खरेच दहा आहेत का ते पाहतात, तेव्हा त्यांना ओरडू नये. खेळ उलट दिशेनेही खेळायचा. एक मोळी घेऊन बसायचे आणि फाशावर पडेल तितके परत करत जायचे. पाच पडले आणि हातात एकही सुटी काडी नाही, तर मोळी सोडून जुडी काढावी लागते आणि जुडी सोडून काड्या. वजाबाकीतले ‘उसने घेणे’ म्हणतात ते हेच, फक्त इथे कुणी कुणाचे उसने घेत नाही. आपलीच मोळी आपण सोडतो.

हा खेळ सरावाचा झाला की जुड्या पटावर येतात. सुट्या काड्या उजवीकडच्या घरात, जुड्या मधल्या घरात, मोळी डावीकडे. सगळी मुले आणि शिक्षकही पटाच्या एकाच बाजूला बसायला हवेत. शिक्षक समोर बसले की त्यांचे डावे ते मुलांचे उजवे होते, आणि ज्या गोष्टीचा सारा अर्थ डाव्या-उजव्यावर उभा आहे तिथे हा घोटाळा परवडत नाही. साधी बाब आहे, पण वर्गात हटकून राहून जाते.

आता मधली पायरी. मुलाच्या पटावर मधल्या घरात तीन जुड्या आणि उजव्या घरात चार काड्या आहेत. त्याला सांगायचे की काड्या आता कमी पडतायत, म्हणून प्रत्येक जुडी उचल आणि तिच्या जागी एक चिंचोका ठेव. सुटी काडी उचलली तरी तिच्याही जागी एकच चिंचोका ठेव. पटावर आता सात चिंचोके दिसतात. ‘किती आहेत?’ काही मुले सात म्हणतात, काही चौतीस. इथे घाई करू नये. सात म्हणणाऱ्याला चिंचोके पुन्हा काड्यांत बदलायला सांगावे. मधल्या घरातल्या चिंचोक्याबद्दल एक काडी द्यायची की जुडी, हा वाद मुलांचा मुलांतच होऊ द्यावा. मग मधल्या घरातला एक चिंचोका उचलून उजव्या घरात सरकवायचा आणि विचारायचे, ‘आता किती?’ चिंचोके तेवढेच आहेत, सातच, पण संख्या ३४ वरून २५ वर आली. ‘नऊ कुठे गेले?’ हा प्रश्न मुलांना भलताच आवडतो. तोच चिंचोका शतकाच्या घरात गेला तर? सात चिंचोक्यांतून सर्वात मोठी संख्या कोणती, सर्वात लहान कोणती? काड्यांमध्ये हे प्रश्न विचारताच येत नाहीत, कारण काडी जागा बदलून काही होत नाही.

पटाचा नियम एकच: कोणत्याही घरात खेळीच्या शेवटी नऊपेक्षा जास्त चिंचोके राहू शकत नाहीत. दहा झाले की ते उचलायचे आणि डावीकडच्या घरात एक ठेवायचा. १६ + २७ करताना उजव्या घरात तेरा जमतात, दहा उचलले जातात आणि मधल्या घरात एक जाऊन बसतो. वहीतला ‘हातचा एक’ तो हाच.

मराठीत शिकणाऱ्या मुलांना एक जादा अडचण असते, तिच्याकडे या टप्प्यावर लक्ष द्यावे लागते. बावन्न म्हणताना आपण आधी दोन उच्चारतो आणि मग पन्नास, पण लिहिताना ५ आधी येतो. ऐकतील त्या क्रमाने लिहिणारी मुले बावन्नचे २५ करतात. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली ‘पन्नास दोन’ अशी वाचनाची पद्धत जोडीला दिली, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला होता. समितीच्या वतीने डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण समजावून सांगितले, पण टिंगल करणाऱ्यांची संख्या मोठी होती. कारण मात्र खरे होते. पटावर आणि कार्डांवर ही अडचण बरीच हलकी होते. ‘बावन्न’ ऐकून मुलाने आधी २ चे कार्ड उचलले आणि मग ५० चे, तरी उजवी कड जुळवली की ५२ च होते. ५० खाली आणि २ वर ठेवायचे, एवढेच.

‘एकोण’च्या संख्यांची तऱ्हा वेगळी. एकोणचाळीस ऐकले की मूल चाळीसला धरून चार जुड्या घेते आणि नऊ काड्याही घेते, म्हणजे ४९ होतात. त्याला चार जुड्या घेऊ द्याव्यात आणि मग ‘एक ऊन’ म्हणून एक काडी काढून घ्यायला सांगावे. एक जुडी सोडावी लागते आणि तीन जुड्या, नऊ काड्या समोर राहतात. नव्याण्णवला हा नियम लागू पडत नाही, ते मुलांना सरळ सांगून टाकावे.

कार्डांचे खरे काम शून्याच्या वेळी दिसते. एकशे पाच म्हटले की अनेक मुले १००५ लिहितात. त्यांच्या दृष्टीने ते अगदी तर्कशुद्ध आहे, आधी शंभर लिहिले आणि मग पाच. १०० च्या कार्डावर ५ चे कार्ड उजवी कड जुळवून ठेवले की एक शून्य झाकले जाते आणि मधले राहते. मुलाने कार्ड उचलून खाली काय दडले आहे ते पाहायचे, पुन्हा ठेवायचे. आणि पटावर? तिथे मधले घर रिकामे असते. पटावर शून्याची काही गरजच नसते, रिकामे घर दिसतेच आहे. म्हणून एकदा असे करावे: १०५ चे चिंचोके पटावर मांडून घ्यायचे, मग हळूच पट खालून काढून चिंचोके जमिनीवर तसेच ठेवायचे. एक इकडे, पाच तिकडे. आता ही संख्या कोणती, पंधरा की एकशे पाच? घरांच्या रेघा गेल्या की रिकामी जागा दाखवायला काहीतरी ठेवावे लागते, हे मुलांना स्वतःच सुचते. कुणी खडा ठेवते, कुणी खडूने गोल काढते.

आता ३०२ − १४७. चौथीतही चुकणारी ही वजाबाकी आहे. बरीच मुले १६५ असे उत्तर काढतात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एककाला बारा करून घेतात, शून्याचे दहा करतात, पण त्या दहातून एक आधीच एककाला दिला हे विसरतात. तीन गटांनी आपापली मोळी एकत्र आणली आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या की ३०२ तयार होतात. सात सुट्या काड्या द्यायच्या आहेत, आहेत फक्त दोन. जुडी सोडावी, तर मधल्या घरात एकही जुडी नाही. मोळी सोडावीच लागते. ट्यूबची चकती काढली की दहा जुड्या मधल्या घरात येतात. त्यातली एक सोडली की तिच्या दहा काड्या उजव्या घरात जातात. आता डावीकडे दोन मोळ्या, मध्ये नऊ जुड्या आणि उजवीकडे बारा काड्या. वहीत शून्याच्या डोक्यावर जो ९ लिहितात तो कुठून आला, हे इथे नुसते दिसते. बारातून सात गेल्या, पाच राहिल्या. नऊ जुड्यांतून चार गेल्या, पाच राहिल्या. दोन मोळ्यांतून एक गेली. उत्तर १५५. हेच उदाहरण लगेच चिंचोक्यांनी करून घ्यावे आणि प्रत्येक हालचाल झाली की तिची नोंद वहीत त्याच वेळी लिहायला लावावी. आधी सगळी मांडणी आणि मग सगळे लेखन, असे केले तर मुलाच्या मनात खेळ आणि गणित या दोन वेगळ्या गोष्टी राहतात.

साधन उपयोगी पडले की नाही ते कसे ओळखायचे? पटाच्या वरच्या श, द, ए या चिठ्ठ्या काढून घ्याव्यात आणि पाहावे. मूल अडखळत नसेल तर पट गुंडाळून ठेवावा आणि सुरुवातीची सोळा चिंचोक्यांची चाचणी ४३ घेऊन पुन्हा करावी. ‘४ म्हणजे किती ते दाखव’ म्हटल्यावर मूल चाळीस चिंचोक्यांचा ढीग वेगळा करू लागले, तर काम झाले. नुसते ‘चार दशक’ असे तोंडी उत्तर पुरेसे धरू नये. ते पाठही असू शकते.

या साधनाच्या मर्यादा खऱ्याखुऱ्या आहेत. वेळ लागतो. काड्या मोजणे, बांधणे, सोडणे यात तास निघून जातो, आणि तीस मुलांच्या वर्गात एकटा शिक्षक आठ गटांकडे एका वेळी पाहू शकत नाही. मागच्या कोपऱ्यातला गट नियम सोडून घरात चौदा चिंचोके ठेवून बसलेला असतो. गटात एक चुणचुणीत मूल सगळे करते आणि बाकीचे रबर ताणत बसतात. यावर उपाय म्हणजे पाळी लावणे, तोही अर्धाच चालतो.

पटाची घरे वेगवेगळी आखलेली असल्यामुळे काही मुले ३४७ ला ‘तीन, चार, सात’ असे तीन सुटे आकडे समजू लागतात. संख्या एक आहे हे त्यांच्या नजरेतून सुटते. ३४७ हे ३५० च्या जवळ आहे, किंवा त्यात चौतीस जुड्या आहेत, हे पट सांगत नाही. चौतीस जुड्यांचा प्रश्न मोळ्या सोडून दाखवता येतो, पण जवळ-लांबसाठी शंभर मण्यांची माळ जास्त चांगली. दर दहा मण्यांनी रंग बदलणारी माळ दोरीवर ताणून टांगली की ४७ कुठे आणि ५० कुठे हे दिसते. म्हणजे हे एक साधन सगळे करेल अशी अपेक्षा ठेवू नये.

चिंचोक्यांना कीड लागते. कोरड्या डब्यात कडुनिंबाचा पाला घालून ठेवावेत. आणि पहिलीच्या मुलांना ते देऊ नयेत, नाकात जातात.

हजाराच्या पुढे काड्या निरुपयोगी ठरतात. एक हजार काड्यांचा भारा एकदा साऱ्या वर्गाने मिळून बांधून पाहावा, केवढा होतो ते कळण्यापुरता, आणि तिथे थांबावे. पट मात्र डावीकडे वाढवता येतो. दशांश चिन्हाच्या उजवीकडे काड्या अजिबात जात नाहीत, कारण दहा सेंटिमीटरच्या हिराचे दहा सारखे तुकडे मुलांच्या हातून होत नाहीत. त्यासाठी आलेख कागद घ्यावा. दहा सेंटिमीटर बाजूचा चौरस म्हणजे एक पूर्ण, त्याची एक सेंटिमीटर रुंद उभी पट्टी म्हणजे एक दशांश आणि एक चौरस सेंटिमीटर म्हणजे एक शतांश. कात्रीने कापून हे तुकडे त्याच फ्लेक्सवर मांडता येतात. फक्त एककाच्या घराच्या उजवीकडे आणखी दोन घरे आखून घ्यावी लागतात.